निवृत्तीच्या व्हिडिओसाठी सहकाऱ्यांच्या क्लिपा: गोळा कशा करायच्या, लावायच्या कशा, शेवट कसा करायचा?

मृणाल_मल्हारगंज

नमस्कार मंडळी. मी इंदुरात पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करते. आमचे भाऊसाहेब या महिनाअखेरीला निवृत्त होत आहेत. हाताखाली वॉल्व्हमनपासून उपअभियंत्यापर्यंत सगळे. समारंभात दाखवायला सहकाऱ्यांच्या छोट्या क्लिपांचा एक व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलंय. हातात १६ दिवस आहेत.

एकतीस जणांना ग्रुपवर लिहिलं की "भाऊसाहेबांबद्दल दोन शब्द बोलून पाठवा". आत्तापर्यंत नऊ आल्या. नऊपैकी सात जण म्हणतात, "साहब बहुत अच्छे हैं, हमेशा याद रहेंगे." एक क्लिप चार मिनिटांची आहे. दोन उभ्या धरून काढलेल्या. एक इतकी धूसर की चेहराच कळत नाही, आणि ती नेमकी आमच्या सगळ्यात जुन्या वॉल्व्हमनची आहे.

मी याआधी फक्त भाचीच्या वाढदिवसाचे फोटो गाणं लावून जोडलेत. हा व्हिडिओ मला मनापासून चांगला करायचा आहे. नोकरीला लागले तेव्हा पहिले सहा महिने मला भाऊसाहेबांनी शेजारी बसवून काम शिकवलं. कुठून सुरुवात करू?

शशांक_विजयनगर

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना वर एचडीचं बटण असतं, ते दाबून पाठवायला सांग, धूसरपणा जाईल. आणि सगळ्यांना फोरके, ६० फ्रेमवर शूट करायला लाव. क्वालिटी मिळाली की बाकी आपोआप होतं.

कात्रीवाला

मृणालताई, मी इंदुरात वीसेक वर्षं लग्नाच्या आणि समारंभाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतोय. शशांकचं एचडी बटणाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. त्याने फरक पडतो, पण व्हॉट्सॲप तरीही फाईल दाबूनच पाठवतं. मूळ फाईल जशीच्या तशी हवी तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडायला सांगा. पिनच्या खुणेवर जाऊन गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडायचं आणि तिथून व्हिडिओ. आयफोनवरही डॉक्युमेंटमध्ये गेल्यावर फोटो किंवा व्हिडिओ निवडायचा पर्याय येतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एचडीने पाठवावं, चालेल. फोरके आणि ६० फ्रेम मात्र अजिबात नको. हॉलच्या पडद्यावर दिसणार १०८०च, फाईल मात्र कितीतरी पट जड. मग लोक "जात नाहीये" म्हणून पाठवायचं सोडून देतात.

खरी अडचण धूसरपणाची नाही, तुम्ही मागितलं काय त्याची आहे. "दोन शब्द बोला" म्हटलं की माणूस सत्काराच्या स्टेजवर उभा असल्यासारखा बोलतो. त्याला असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर एका प्रसंगानेच देता येईल. "भाऊसाहेबांसोबतची एक वेळ सांगा. कुठे होतात, किती वाजले होते, ते काय म्हणाले?" यातलं 'किती वाजले होते' गाळू नका. वेळ आठवायला गेलं की माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो आणि भाषण थांबतं.

ग्रुपवर पुन्हा लिहू नका. प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवा, त्याच्या नावाने. फोन आडवा, तोंड खिडकीकडे, खिडकी पाठीमागे नको. बोलणं ४० सेकंदांच्या आसपास. बोलण्याआधी आणि झाल्यावर दोन सेकंद गप्प राहून कॅमेऱ्याकडे पाहा. ती गप्प दोन सेकंदं मला कापताना सोन्यासारखी असतात. शेवटची तारीख खरी लागते त्याच्या चार दिवस आधीची सांगा.

आणि त्या वॉल्व्हमनकडे तुम्ही स्वतः जा. त्यांना फोनवर नियम समजावत बसू नका.

अण्णा_रामबाग

मानपत्राचा मजकूर हवा असल्यास माझ्याकडे दोन-तीन जुने नमुने आहेत. सुरुवात "मा. महोदय" अशी करावी, खाली सर्वांच्या सह्या पदाच्या क्रमाने.

मृणाल_मल्हारगंज

अण्णा, मानपत्र वेगळं होतंय, हा व्हिडिओ आहे. पण मजकूर पाठवाच, ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांना देते.

अण्णा_रामबाग

बरं बरं, व्हिडिओ. मग एक सुचवतो. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी पहिल्यांदा इंदुरात आलं तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावलीवर शहराची भिस्त होती, उन्हाळ्यात बादल्यांच्या रांगा लागायच्या. जलूदहून सत्तर किलोमीटरवरून ते पाणी चढवून आणतात हे आजच्या मुलांना ठाऊकही नाही. सुरुवातीला ते दाखवा. आणि क्रमाचं म्हणाल तर आधी विभागप्रमुख, मग खालोखाल. सरकारी समारंभात तोच रिवाज आहे. नाहीतर लोक मनाला लावून घेतात.

बडोद्याची_ताई

आमच्याकडे बडोद्याला यजमानांच्या बँकेतल्या निवृत्तीला असाच व्हिडिओ केला होता, पदाच्या क्रमाने. पहिली सहा मिनिटं मोठ्या साहेबांची, एकाच प्रकारच्या खुर्चीत, एकाच प्रकारचं बोलणं. शिपाई काका शेवटी होते. ते यजमानांच्या डब्याबद्दल इतकं सुंदर बोलले होते, पण तोवर मागच्या रांगा जेवणाकडे उठल्या होत्या. यजमानांना ते अजून लागून राहिलंय. क्रमाचा विचार नीट कर गं.

मृणाल_मल्हारगंज

चार दिवसांनी सांगतेय. कात्रीवाले दादा, तुमचा प्रश्न जसाच्या तसा पाठवला. आता २६ क्लिपा झाल्या, एकूण ५४ मिनिटं. आधीच्या सातपैकी पाच जणांनी आपणहून पुन्हा काढून पाठवल्या.

वॉल्व्हमनकाकांकडे मी आणि माझा भाऊ गेलो. ते वॉल्व्हच्या खड्ड्याच्या कठड्यावर बसले, हातात ती लांब चावी तशीच. पहिली अर्धी मिनिट तेच, साहब बहुत अच्छे. मग मी विचारलं, किती वाजले होते? ते कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून खड्ड्याकडे बघायला लागले. म्हणाले, "ढाई बजे थे, रात के. जनवरी. साहब चप्पल में आए थे." मग हाताने दाखवलं, पाणी कुठपर्यंत होतं. "मुझसे चाबी ली और खुद उतर गए. बोले, तू बुखार में है, टॉर्च पकड़." एवढं बोलून ते थांबले आणि चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही, बरं झालं.

आता ५४ मिनिटांचं काय करू? समारंभात मला आठ मिनिटं मिळाली आहेत.

कात्रीवाला

ती चावी हातातून हातात जाते तो तुकडा कापू नका. त्यावर गाणंही नको.

आता कॉम्प्युटर बंद करा आणि कागद घ्या. प्रत्येक क्लिप एकदा पूर्ण पाहा आणि एका चिठ्ठीवर एवढंच लिहा: नाव, कुठल्या वेळेचा प्रसंग, सगळ्यात चांगलं वाक्य कितव्या सेकंदाला सुरू होतं आणि कितव्याला संपतं. पूर्ण क्लिप ठेवायचा मोह सोडा. चार मिनिटांच्या क्लिपमध्येही पंचवीस सेकंदांचंच सोनं असतं.

हिशोब असा. एकेकाला सरासरी २५ सेकंद दिली तर १५ माणसांची सव्वासहा मिनिटं होतात. सुरुवातीला ४० सेकंद आणि शेवटाला अर्धा-पाऊण मिनिट राखून ठेवलं की साडेसात मिनिटांत बसतं. उरलेल्या अकरा जणांना शेवटात घेऊ, कोणी सुटता कामा नये. हॉलमध्ये बसलेला प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो.

चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि मला सांगा, प्रसंगांच्या वेळा काय काय आल्या?

मृणाल_मल्हारगंज

पसरल्या. पहाटेच्या पाच आहेत, पाणी सोडण्याच्या वेळच्या. सकाळी टाकीवरच्या दोन. दुपारी कार्यालयातल्या चार, फाईल आणि डबा. संध्याकाळी लोक तक्रार घेऊन येतात त्याच्या दोन. रात्री पाइप फुटल्याच्या दोन, त्यात काकांची. बाकीच्यांना वेळच नाही, नुसतं कौतुक आहे.

कात्रीवाला

पाच, दोन, चार, दोन, दोन. पंधरा झाले. तुमचा क्रम तुम्हीच लावून ठेवलात. भाऊसाहेबांचा एक दिवस दाखवा, पहाटेपासून रात्री अडीचपर्यंत. मग साहेब आधी की शिपाई आधी हा वाद उरत नाही. ज्याची गोष्ट ज्या वेळची, तो तिथे. शिवाय बघणाऱ्याला नकळत कळत राहतं की आपण कुठे पोचलोय. नाहीतर चौथ्या माणसानंतर लोक घड्याळ बघतात.

पहाटेच्या पाच सलग लावताना एक सांभाळा. एकाने जे सांगितलं तेच दुसरा सांगत असेल तर दुसऱ्याचं फक्त पुढचं वाक्य घ्या, म्हणजे दोघं मिळून एकच गोष्ट सांगताहेत असं वाटेल. आणि माणूस बदलताना पुढच्याचा आवाज अर्धा सेकंद आधी सुरू करा, चेहरा नंतर येऊ द्या. दर वेळी पांढरा झोत नाहीतर पान उलटल्याचा इफेक्ट टाकलात तर बोलण्याचा धागा तुटतो.

उभ्या क्लिपांच्या दोन्ही बाजूंना त्याच क्लिपची मोठी, धूसर केलेली प्रत मागे ठेवा. काळ्या पट्ट्यांपेक्षा डोळ्याला बरं.

अण्णा_रामबाग

विभागप्रमुखांना दुपारी आठव्या की नवव्या नंबरला टाकणार? ते समोर पहिल्या रांगेत बसणार आहेत. मला हे पटत नाही. कल्पना चांगली आहे, पण कार्यालयात राहायचं मृणालला आहे, आपल्याला नाही.

कात्रीवाला

अण्णा, तुमचा मुद्दा खोटा नाही. मी अशा वेळी विभागप्रमुखांचं एक वाक्य सुरुवातीच्या चाळीस सेकंदांत, नर्मदेच्या चित्रांवर नुसत्या आवाजात घेतो. मान राहतो आणि गोष्टही अडत नाही. पण त्यांची क्लिप पाहिल्याशिवाय ते जमेल की नाही सांगता येणार नाही.

नीलेश_लष्कर_ग्वाल्हेर

मध्येच विचारतो. ग्वाल्हेरला मी वडिलांच्या शाळेसाठी असंच काही करतोय. क्लिप सुरू होते तेव्हा ओठ आणि आवाज जुळतात, पण मिनिटभराने आवाज पुढे जातो. फोनवर तीच क्लिप नीट चालते. एडिटरमध्येच बिघडते.

शशांक_विजयनगर

फोनचा माइक खराब असणार.

कात्रीवाला

माइक खराब असता तर फोनवरही बिघडलं असतं. सुरुवातीला जुळून पुढे घसरत जातं हीच ओळख आहे. फोन सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम काढत नाही. उजेड कमी झाला की २४-२५वर येतो, पुन्हा वाढतो. काही एडिटर फ्रेम मोजून चालतात, म्हणून चित्र आणि आवाज फारकत घेतात. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच फरक असेल तर ते दुखणं वेगळं, तिथे नुसता आवाज सरकवून भागतं. तुमच्या बाबतीत एडिटरमध्ये घ्यायच्या आधी सगळ्या क्लिपा एकसारख्या करून घ्या. मी हे वापरतो:

```
ffmpeg -i kaka.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -af loudnorm=I=-16:TP=-1.5 -ar 48000 kaka_30.mp4
```

यात आवाजाची पातळीही एकसारखी होते. मृणालताई, तुम्हालाही हे लागेल, एक जण पंपघरात बोललाय आणि एक एसीच्या खोलीत. फक्त मूळ आवाज फारच हळू असेल तर त्याच्याबरोबर मागची घरघरही वर येते. बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा अंगठा फोनच्या माइकवर असतो. ती क्लिप पुन्हा मागवणं हाच उपाय. ज्यांना कमांड नको त्यांनी शॉटकट नावाचं एडिटर घ्यावं, फुकट आहे. असली क्लिप आत घेतली की ते स्वतःच बदलून घेऊ का म्हणून विचारतं.

नीलेश_लष्कर_ग्वाल्हेर

जुळलं! चार दिवस डोकं फोडत होतो.

मृणाल_मल्हारगंज

आता शेवट. मी एक गाणं, भाऊसाहेबांचे फोटो आणि वर सरकणारी नावं असं ठरवलंय. पण लावून पाहिलं तर रात्री अडीचच्या खड्ड्यानंतर ते एकदम परकं वाटतंय.

बडोद्याची_ताई

भाऊसाहेब रोज काय बोलायचे गं? यजमान रोज निघताना "दिवे बघितले का" म्हणायचे. अजूनही बँकेतलं कोणी भेटलं की तेच म्हणून हसतात.

मृणाल_मल्हारगंज

ताई, त्यांचं एकच आहे. आमच्याकडे बहुतेक भागांत पाणी एक दिवसाआड येतं. त्या दिवशी ज्या टाकीचा नंबर असेल तिथल्या माणसाला ते पहाटे फोन करतात आणि विचारतात, "पानी आ गया?" नमस्कार नाही, काही नाही. हो म्हटलं की फोन ठेवतात. सुट्टीवर असले, लेकीकडे पुण्याला गेले तरी फोन येतोच. एका टाकीवाल्याकडे त्याचा व्हॉइस मेसेजही आहे, एकदा फोन लागला नव्हता तेव्हा पाठवलेला.

कात्रीवाला

ताई, तुम्ही शेवट शोधून दिलात.

मृणालताई, सगळ्यांकडून आणखी एक क्लिप मागवा, पाच सेकंदांची. एकच वाक्य, "पानी आ गया, साहब", ज्याच्या त्याच्या बोलीत. जिथे काम करतात तिथे उभं राहून. ज्यांचं वरच्या पंधरांत बसलं नाही ते अकरा जण तर हवेतच.

लावायचं असं. काकांची चावी हातातून हातात जाते, तीन सेकंद शांतता. पडदा काळा. काळ्यावर फक्त भाऊसाहेबांचा तो मेसेज, "पानी आ गया?" मग एकेक चेहरा. प्रत्येकाला सव्वा ते दीड सेकंद, बावीस जण आले तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. पहिले तीन जरा सावकाश, मग मधले भराभर, शेवटचे दोन पुन्हा सावकाश. काका सगळ्यात शेवटी. खाली संगीत ठेवू नका. प्रत्येकाच्या मागचा आवाज, पंप, पाखरं, रस्ता, तसाच राहू द्या.

शेवटचं चित्र भाऊसाहेबांच्या घरातला नळ. घरच्यांना सांगून गुपचूप काढून घ्या. नळ सोडला, पाणी बादलीत पडतंय, आठ सेकंद, कॅमेरा हलवायचा नाही. चित्र आधी विझू द्या, पाण्याचा आवाज त्यानंतर दोन सेकंद. त्यावर 'धन्यवाद' किंवा 'समाप्त' काही लिहू नका. नावं पाहिजेत तर प्रत्येक जण पहिल्यांदा दिसतो तेव्हा खाली द्या.

व्हॉइस मेसेज .opus फाईल निघेल, काही एडिटर ती घेत नाहीत. ffmpegने .wav करून घ्या.

आणि निवेदकाला आधीच सांगून ठेवा की व्हिडिओ संपल्यावर दहापर्यंत आकडे मोजून मगच माइक हातात घ्यायचा. दिवे लावणाऱ्यालाही. मी चांगले शेवट दिव्याच्या बटणाने मेलेले पाहिलेत.

शशांक_विजयनगर

हे वाचूनच अंगावर काटा आला. हॉलमध्ये आदल्या दिवशी चालवून बघ, एवढंच मी सांगू शकतो.

मृणाल_मल्हारगंज

शशांकचं ते वाक्य उपयोगी पडलं, आधी ते सांगते. आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये लॅपटॉप जोडला तर चित्र पडद्यावर आणि आवाज कुठेच नाही. केबल एचडीएमआय होती, आवाज प्रोजेक्टरकडे जात होता आणि प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता. हेडफोनच्या भोकातून हॉलच्या मिक्सरला वेगळी वायर दिली आणि सेटिंगमध्ये आवाजाची वाट बदलली तेव्हा जमलं. समारंभाच्या सकाळी कळलं असतं तर काही करता आलं नसतं.

काल समारंभ झाला. एकवीस जणांनी "पानी आ गया" पाठवलं. एक जण मालवीत बोलला, दोघी मराठीत, "आलं हो साहेब". विभागप्रमुखांचं वाक्य सुरुवातीला घेतलं, ते काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं की नाही मला खरंच माहीत नाही. अण्णा, तुमचं १९७८ही घेतलं, एका ओळीत.

काळ्या पडद्यावर त्यांचाच आवाज आला तेव्हा भाऊसाहेबांनी खिशातल्या फोनला हात लावला. मग काका दिसले. नळ सुरू झाल्यावर भाऊसाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. निवेदिकेने दहाच्या ऐवजी वीस मोजले असावेत.

एक मात्र मनात आहे. आमचे एक टाकीवाले दोन वर्षांपूर्वी वारले. भाऊसाहेबांचे फार जवळचे. त्यांचा फोटो त्या चेहऱ्यांमध्ये घ्यावा की नाही हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि मी घेतला नाही.

अण्णा_रामबाग

घ्यायला हवा होता असं मला वाटतं. पाणी त्यांनीही सोडलंय.

कात्रीवाला

मी नसता घेतला. उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत एकच जण गप्प, तर घरच्यांना त्या हॉलमध्ये बसणं जड गेलं असतं. पण त्यांच्या घरी विचारून ठरवायला हवं होतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मृणाल_मल्हारगंज

त्यांच्या मुलाला आता फोन करते.

आणखी एक. न कापलेल्या सगळ्या क्लिपा, ५४ मिनिटं, भाऊसाहेबांना पेन ड्राइव्हवर दिल्या. घरच्या टीव्हीवर तीन फाईली दिसतच नाहीयेत म्हणे. तिन्ही आयफोनच्या.

कात्रीवाला

त्या एचईव्हीसीत असणार, जुना टीव्ही ते वाचत नाही. अशा बदलून द्या:

```
ffmpeg -i 07.mov -c:v libx264 -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a aac 07.mp4
```

मृणाल_मल्हारगंज

रविवारी पोहे खायला बोलावलंय त्यांनी. तेव्हा नेऊन देते.